मिक्सिंगमधले निर्जीव डोळे: नजर, चकाकी की पापणी, आधी हात कशाला घालावा?

वारलेल्या माणसाला घरच्या ग्रुप फोटोत बसवून देण्याचं काम, म्हणजे मिक्सिंग, कोल्हापुरात वर्षभर चालू असतं. कटिंग स्वच्छ होतं, रंग जुळतात, खांद्यामागची सावलीही बरोबर पडते. तरी प्रिंट हातात घेतल्यावर घरची माणसं गप्प होतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "डोळे काहीतरी वेगळेच वाटतात." त्या वेळी आपल्यापुढे तीन वाटा असतात: बुबुळं सरकवून नजर वळवायची, डोळ्यातली चकाकी बदलायची, किंवा पापणीचा आकार बदलायचा. तिन्ही नीट करायला वेळ नसतो, म्हणून निवड करावी लागते. बहुतेक जण चकाकीपासून सुरुवात करतात, कारण ती दोन मिनिटांत होते. घरच्या ग्रुप फोटोत मात्र खरा दोष बहुतेक वेळा पापणीत असतो, असं माझं मत आहे, आणि ते का ते एका कामावरून सांगतो.

शिवाजी पेठेतलं एक घर. वाड्याच्या चौकात संध्याकाळी पाच जणांचा फोटो काढलेला: आई, दोन मुलं, सून आणि नात. उजेड वरच्या मोकळ्या आकाशाचा, जरासा डावीकडून. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. त्यात वडिलांना मागे उभं करायचं होतं आणि त्यांचा एकच बरा फोटो होता, पासपोर्ट साइजचा, समोरून फ्लॅश मारलेला. ६०० डीपीआयवर स्कॅन केल्यावर त्यांचं बुबुळ साधारण ४० पिक्सेल रुंद मिळालं. प्रिंट १२ बाय १८ इंचाची, म्हणजे आडव्या बाजूला ५४०० पिक्सेल, आणि फोटोत जवळपास तीन मीटर रुंदीची जागा दिसत होती. म्हणजे खऱ्या एका मिलिमीटरला १.८ पिक्सेल. मोठ्या माणसाचं बुबुळ सुमारे पावणेबारा मिलिमीटर रुंद असतं आणि माणसामाणसांत त्यात फार फरक नसतो. त्यामुळे ते या फोटोत २१ पिक्सेलचं येणार. मी डोकं लहानमोठं करताना हेच माप धरतो. केस, टोपी, गाल यांवरून अंदाज चुकतो, बुबुळावरून सहसा चुकत नाही. वडील मागच्या ओळीत म्हणून त्यांचं बुबुळ २० पिक्सेलचं ठेवलं.

पहिली प्रिंट काढली तेव्हा मीही चकाकीच बदलली होती. आईंनी ती बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "ह्यांचं डोळं असं कवा नव्हतं. कायम जरा बारीक करून बघायचं." सगळं उत्तर त्या वाक्यात होतं.

आधी नजरेचा विचार करू, कारण या कामात ती बदलायची गरजच नव्हती. लेन्सकडे बघणारा चेहरा कागदावर कुठेही चिकटवा, तो बघणाऱ्याकडेच बघतो. ग्रुपमधले सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतील आणि पासपोर्टमधला माणूसही कॅमेऱ्याकडेच बघत असेल, तर बुबुळांना हात लावू नका. गरज पडते ती बारशाच्या वगैरे फोटोत, जिथे सगळ्यांच्या नजरा पाळण्याकडे असतात आणि एकटे आजोबा समोर बघत राहतात. तिथे गणित असं: डोळा दहा अंश वळला की बुबुळ पावणेदोन मिलिमीटर सरकतं. आपल्या प्रिंटच्या हिशेबात ते जेमतेम तीन पिक्सेल. दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला तितकंच सरकवायचं, मागे उघडा पडणारा पांढरा भाग भरायचा, आणि तो कोपऱ्याकडे थोडा गडद करायचा, कारण डोळा गोल आहे. चार-पाच पिक्सेलपेक्षा जास्त सरकवावं लागत असेल तर थांबा. इतकं बाजूला बघायचं असलं तर माणूस मानही वळवतो, आणि मान न वळवता वळलेली नजर चोरटी दिसते.

नजरेत आणखी एक फसवणूक आहे. विल्यम हाइड वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली चित्रं काढून दाखवलं होतं की डोळ्यांची तीच जोडी वेगळ्या दिशेला वळलेल्या चेहऱ्यात बसवली की ती वेगळीकडेच बघताना दिसते. म्हणजे दुसऱ्या फोटोतून फक्त डोळे कापून आणले आणि चेहरा जरी थोडा वळलेला असला, तरी नजर आपोआप बदलते. बुबुळ कितीही मोजून बसवलं तरी नाक आणि गाल ती नजर ओढून नेतात. म्हणून नजर बदलणं हे तिघांत सगळ्यात जोखमीचं काम आहे. शक्य असेल तर त्यापेक्षा दुसरा फोटो मागावा.

चकाकीचं तसं नाही. ती चुकली तर पुसता येते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे एक छोटा बाहेर फुगलेला आरसा आहे, आणि समोरचा सगळा उजेड त्यात बारीक होऊन दिसतो. वडिलांच्या डोळ्यांत बाहुलीच्या मधोमध फ्लॅशचा पांढरा टिपका होता. बाकीच्यांच्या डोळ्यांत घड्याळातल्या दहा ते बाराच्या दरम्यान आकाशाचा निळसर, रुंद पट्टा होता आणि त्याची वरची कड पापणीने कापलेली. आधी टिपका क्लोनने भरून बाहुली पुन्हा काळी केली. मग नव्या लेअरवर थोरल्या मुलाच्या डोळ्यातून रंग उचलून सहा पिक्सेल रुंद, तीन पिक्सेल उंच पट्टा काढला. शुद्ध पांढरा रंग टाळला, कारण त्या फोटोत कुणाच्याच डोळ्यांत तो नव्हता. दोन्ही डोळ्यांत पट्टा त्याच बाजूला हवा. एक डोळा कॉपी करून उलटा फिरवून दुसऱ्या जागी बसवला की एका डोळ्यात उजेड डावीकडून आणि दुसऱ्यात उजवीकडून येतो. ही चूक मी तयार अल्बममध्येही पाहिली आहे. नजर सरकवली असेल तर चकाकी बुबुळाबरोबर तितकीच सरकवायची नाही. ती निम्म्याहून थोडी जास्त सरकते, कारण त्या पडद्याच्या गोलाईचं केंद्र आणि डोळा ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू वेगवेगळे आहेत. चकाकी बुबुळाला चिकटून गेली की डोळा काचेचा वाटतो.

आता प्रिंटवर हे किती दिसतं ते बघा. ३०० डीपीआयला सहा पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटर. भिंतीवरच्या फ्रेममध्ये हा पट्टा चार फुटांवरून वेगळा ओळखू येत नाही, डोळा थोडा उजळ वाटतो एवढंच. उलट चौकात लागणाऱ्या फ्लेक्सवर दोन-अडीच फुटांचा चेहरा असेल, तर बुबुळ तीन सेंटिमीटरचं होतं आणि चकाकी जवळपास एक सेंटिमीटरची. तिथे फ्लॅशचा टिपका मधोमध राहिला तर रस्त्याच्या पलीकडूनही खटकतो. म्हणून फ्लेक्ससाठी आधी चकाकी बघावी. पांढरा भाग उजळवून डोळे "ताजे" करायचा मोह मात्र दोन्हीकडे टाळावा. वरच्या पापणीची सावली त्या पांढऱ्यावर पडलेली असते, ती गेली की डोळा चेहऱ्यातून बाहेर आल्यासारखा दिसतो.

पापणीत दीड-दोन मिलिमीटरचा फरक पडला तर काय होतं? उघडा डोळा मध्यभागी उंचीला सुमारे दहा मिलिमीटर असतो, आपल्या प्रिंटवर १८ पिक्सेल. त्यातले तीन-चार पिक्सेल म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा, आणि तो कुठूनही दिसतो. साधारण स्वस्थ डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर झाकते आणि खालची बुबुळाच्या खालच्या कडेला टेकते. पासपोर्ट काढताना मात्र "डोळे मोठे करा" असं सांगितलं जातं. वडिलांच्या फोटोत वरची पापणी बुबुळाला जेमतेम शिवत होती आणि बुबुळाखाली पांढऱ्याची बारीक रेघ होती. शेजारी सगळे उघड्या आकाशाखाली, हसल्यामुळे खालच्या पापण्या वर चढलेले. मनापासूनच्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायू आवळतो, हे ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली सविस्तर मांडलं होतं. तो स्नायू सैल असलेला एकच चेहरा त्या रांगेत होता आणि तोच परका दिसत होता.

दुरुस्ती अशी केली. आधी बुबुळ आणि बाहुली स्वतंत्र लेअरवर काढून ठेवली. हे केलं नाही तर लिक्विफायमध्ये पापणी ओढताना बुबुळही ओढलं जाऊन अंडाकृती होतं, आणि अंडाकृती बुबुळ हीच या कामातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मग डोळ्याच्या उंचीपेक्षा मोठा ब्रश घेऊन खालची पापणी मधोमध दोन पिक्सेल वर घेतली. वरची एक पिक्सेल खाली, पण बाहेरच्या कोपऱ्याकडे थोडी जास्त, कारण उतारवयात तिथली कातडी लोंबते आणि ते त्यांच्या एका जुन्या धूसर फोटोत दिसत होतं. मोठा ब्रश यासाठी की पापणीबरोबर तिच्यावरची घडी आणि खालची पिशवीही सरकावी. पापणी एकटी वर आली आणि घडी जागेवर राहिली, तर माणूस डोळ्यात काही गेल्यासारखा दिसतो. शेवटी वरच्या पापणीखाली दोन पिक्सेलची मऊ सावली डोळ्यावर आणि बुबुळावर टाकली. तोंड हसतं केलं नाही. ते फोटोत गंभीरच असायचे, आणि घरच्यांनी तसं मागितलंही नव्हतं.

झालं की नाही हे तपासायला मी प्रिंटवर कागदाची पट्टी ठेवून सगळ्यांची तोंडं झाकतो. फक्त डोळ्यांच्या रांगेत कुणाचे वेगळे दिसतात ते लगेच कळतं. स्क्रीनवर फोटो आरशासारखा उलटा केला तरी पापण्यांतला फरक पुढे येतो, कारण सवयीची नजर मोडते.

तीनपैकी एकाहून जास्त करायचं असेल तर क्रम नजर, मग पापणी, मग चकाकी असाच ठेवावा. नजर खाली गेली की वरची पापणीही तिच्याबरोबर उतरते. ती उतरवली नाही तर बुबुळाच्या वर पांढरं दिसून माणूस दचकलेला वाटतो. आणि पापणी हलली की चकाकीची वरची कड नव्याने कापावी लागते. एकच करायला वेळ असेल तर फ्रेमच्या ग्रुप फोटोला पापणी, फ्लेक्सला चकाकी. आणि सगळ्यांच्या नजरा भलतीकडे असलेल्या फोटोत नजर, तीही तीन-चार पिक्सेलांत भागत असेल तरच.

झेरॉक्सवरून स्कॅन केलेला फोटो आला आणि बाहुली-बुबुळाचा एकच काळा डाग दिसत असेल, तर यातलं काहीच करून उपयोग नाही. तेव्हा घरच्यांना लग्नाचे जुने अल्बम चाळायला सांगावं. पंगतीत बसलेला, उन्हात उभा असलेला, कुणाशी तरी बोलणारा, कसाही चालेल. चेहरा नखाएवढा असला तरी त्यात पापणी कुठवर उतरायची ते कळतं. शिवाजी पेठेतल्या वडिलांच्या डोळ्याचा कोपरा मला असल्याच एका फोटोत सापडला.