ईसीजीवरून हृदयगती काढताना: ३००, १५०० की सहा सेकंद?

ईसीजीच्या प्रश्नसंचात हृदयगतीचे प्रश्न सोपे समजून झटपट सोडवले जातात आणि गुण तिथेच जातात. सूत्र पाठ असतं, पण समोरच्या पट्टीला तेच सूत्र लागू पडतं का, हे बघायचं राहून जातं. म्हणून खालचे पाचही प्रश्न तीन पद्धतींनी सोडवून शेजारी शेजारी मांडले आहेत. कोणती पद्धत कुठे टिकते आणि कुठे फसवते, ते त्यावरून ठरवता येईल.

आधी पाया. नेहमीच्या ईसीजीत कागद सेकंदाला २५ मिमी सरकतो. लहान चौकोन १ मिमीचा, म्हणजे ०.०४ सेकंदाचा. पाच लहान चौकोनांचा एक मोठा, म्हणजे ०.२० सेकंदाचा. या हिशेबाने एका मिनिटात ३०० मोठे किंवा १५०० लहान चौकोन बसतात. लागोपाठच्या दोन आर तरंगांमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला भागा किंवा लहान चौकोन मोजून १५०० ला भागा. गणित एकच आहे, फक्त मोजपट्टी बारीक किंवा जाड. तिसरी पद्धत मात्र वेगळ्या जातीची आहे. त्यात अंतर मोजायचंच नाही. सहा सेकंदांत, म्हणजे ३० मोठ्या चौकोनांत, किती क्यूआरएस आले ते मोजायचे आणि १० ने गुणायचं.

प्रश्न १. ठोके नियमित आहेत. दोन आर तरंगांमध्ये ४ मोठे चौकोन आहेत. गती किती?

३०० भागिले ४, म्हणजे ७५. लहान चौकोन २०, १५०० भागिले २०, पुन्हा ७५. इथे ३०० ची पद्धत घ्यावी, उगाच लहान चौकोन मोजत बसू नये. ३००, १५०, १००, ७५, ६०, ५० ही उतरंड तोंडपाठ असली तर भागाकारही करावा लागत नाही. चूक होते ती मोजणीच्या सुरुवातीला. जाड रेषेवर नेमका बसलेला आर तरंग शोधायचा आणि त्यानंतरच्या जाड रेषेला ‘एक’ म्हणायचं. आर ज्या रेषेवर आहे तिलाच ‘एक’ म्हटलं, तर ४ चे ५ होतात आणि ७५ च्या जागी ६० लिहिलं जातं. पर्यायांमध्ये ६० हमखास दिलेला असतो, तो याच चुकीसाठी.

प्रश्न २. नियमित पण वेगवान ठोके. दोन आर तरंगांमध्ये १ मोठा आणि ३ लहान चौकोन आहेत.

मोठ्या चौकोनांवरून इतकंच कळतं की गती ३०० आणि १५० च्या मधे आहे. एवढ्या मोठ्या फरकाचा काहीच उपयोग नाही. लहान चौकोन ८, १५०० भागिले ८, म्हणजे सुमारे १८८. पण इथेही सावध राहा. वेगवान गतीत एका लहान चौकोनाची चूक फार महाग पडते: ८ ऐवजी ९ वाचले की उत्तर १६७ वर येतं. उपाय असा की एकच अंतर न मोजता सलग पाच अंतरं एकत्र मोजावीत. समजा, पाच अंतरांना मिळून ४१ लहान चौकोन लागले. मग एक अंतर ८.२ चौकोनांचं आणि गती १८३.

सहा सेकंदांची पद्धत इथे अपेक्षेपेक्षा चांगली चालते. त्याच पट्टीवर १८ किंवा १९ क्यूआरएस मिळतील, म्हणजे १८० किंवा १९०. या पद्धतीत एका ठोक्याचा फरक म्हणजे १० ची चूक, आणि १८० च्या गतीत १० ची चूक लहानच आहे.

प्रश्न ३. नियमित पण मंद ठोके. दोन आर तरंगांमध्ये ७ मोठे आणि २ लहान चौकोन आहेत.

लहान चौकोन ३७, गती सुमारे ४१. सहा सेकंदांत मात्र ४ किंवा ५ क्यूआरएस येतात, मोजणी कुठून सुरू केली त्यावर ते ठरतं. उत्तर ४० किंवा ५०. मंद गतीत नेमका प्रश्न असतो तो गती ५० च्या खाली आहे का हाच, आणि तिथेच ही पद्धत डळमळते. म्हणून मंद आणि नियमित असेल तर अंतर मोजा. इथे एका लहान चौकोनाची चूक झाली तरी उत्तर एखाद्या ठोक्याने हलतं, त्याहून जास्त नाही.

प्रश्न ४. पी तरंग दिसत नाहीत, आधाररेषा थरथरती आहे. सहा सेकंदांच्या पट्टीत आर तरंगांमधली अंतरं लहान चौकोनांत अशी: १२, २१, १६, २७, १४, १८, २३. गती किती?

वर्णन एट्रियल फिब्रिलेशनचं आहे. पहिलं अंतर घेऊन १५०० ची पद्धत लावली तर गती १२५ येते. चौथं घेतलं तर ५६. पट्टी एकच, पण एकावरून हृदयगती वाढली असं वाटेल, दुसऱ्यावरून कमी झाली असं. दोन्ही भागाकार बरोबर आहेत आणि दोन्ही उत्तरं चुकीची. सात अंतरं म्हणजे आठ क्यूआरएस. ८ गुणिले १० म्हणजे ८०. पडताळून पाहा: सातही अंतरांची बेरीज १३१, सरासरी १८.७ आणि त्यावरून गती ८०.

अंतरांची संख्या आणि ठोक्यांची संख्या यांत एकाचा फरक असतो, हे विसरून ७० लिहिणारे पुष्कळ. बारा लीडच्या कागदावर तळाची लांब पट्टी बहुधा दहा सेकंदांची असते. ती मिळाली तर त्यातले क्यूआरएस मोजून ६ ने गुणा. अनियमित लयीत जितका वेळ जास्त, तितकं उत्तर भरवशाचं.

याच प्रश्नाला जोडून नाडीचं विचारतात. फिब्रिलेशनमध्ये काही ठोके इतके लवकर पडतात की हृदयात पुरेसं रक्त भरलेलं नसतं आणि ती लाट मनगटापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ईसीजीवरची गती मनगटाच्या नाडीपेक्षा जास्त निघू शकते. अशा रुग्णाची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणू नये. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट मोजावी.

प्रश्न ५. दोन आर तरंगांमध्ये ८ मोठे चौकोन आहेत. कागदाच्या कडेला `50 mm/s` छापलं आहे.

३०० भागिले ८ केलं तर ३८ येतं, आणि ते चूक आहे. कागद दुप्पट वेगाने सरकल्यामुळे प्रत्येक मोठा चौकोन ०.१० सेकंदाचा झाला. मिनिटाला ६०० मोठे चौकोन, म्हणून गती ७५. सहा सेकंदांची पद्धतही इथे तशीच फसते, कारण ३० मोठे चौकोन आता तीनच सेकंदांचे आहेत. छपाई नजरेतून सुटली तरी पट्टी स्वतः खूण देते: गती मंद वाटते, आणि सोबत क्यूआरएस व पीआर अंतरही एकदम रुंद झालेलं दिसतं. सगळंच एका प्रमाणात ताणलेलं असलं की आधी कागदाचा वेग तपासावा.

तेव्हा पट्टी हातात आल्यावर क्रम असा ठेवा. वेग वाचा. मग कोऱ्या कागदाच्या कडेवर तीन आर तरंगांच्या खुणा करा आणि तो कागद पुढे सरकवा. पुढचे आर खुणांवर बसले तर लय नियमित. ३०० ने अंदाज घ्या, गती १०० च्या वर किंवा ६० च्या खाली असेल तर १५०० ने पक्की करा. खुणा जुळल्या नाहीत तर अंतर मोजायच्या भानगडीत पडू नका, थेट ठोके मोजा. नियमित लयीत मधेच एखादा अवेळी ठोका आला असेल, तर त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं अंतर सोडून दुसरीकडचं घ्या.

मॉनिटरवर दिसणारा आकडाही याच मोजणीने तपासायचा. उंच टी तरंगाला यंत्र कधी कधी क्यूआरएस समजतं आणि ७० च्या जागी १४० दाखवतं. पट्टीवर क्यूआरएस मोजले आणि नाडी हाताने तपासली की हा घोळ लगेच पकडता येतो.