वहिनींचे आभार कसे मानावेत: आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकींसाठी तुलनात्मक आढावा

आखाजीला खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी येतात. ज्या घरी वृद्ध आईचे सगळे वहिनी करते, त्या घरच्या लेकीला या दिवसांत हमखास वाटते की वहिनीला काहीतरी म्हणायला हवे. पुढे प्रश्न पडतो की साडी घ्यावी, सर्वांसमक्ष बोलावे, सासरी परतल्यावर फोनवर लिहून पाठवावे, की दोघीच असताना सांगावे. हे चारही मार्ग प्रचलित आहेत, परंतु त्यांचा परिणाम सारखा होत नाही. त्यांची तुलना करण्याआधी वहिनी रोज नेमके काय करते हे पाहिले पाहिजे, कारण ते ठाऊक नसेल तर चारही मार्ग सारखेच पोकळ ठरतात.

समजा आईला मधुमेह आहे आणि तिला दोन वेळा मिश्र इन्सुलिन घ्यावे लागते. या प्रकारचे इन्सुलिन बहुधा जेवणाआधी सुमारे अर्धा तास टोचतात आणि त्यानंतर जेवणाला उशीर झाला तर साखर खाली उतरून घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस गोंधळतो. म्हणून वहिनीला सुई टोचण्यापूर्वीच पीठ मळायला घ्यावे लागते, आणि त्या अर्ध्या तासात दारात कोणीही आले तरी तवा उतरवता येत नाही. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवायची असते. वापरातली बाटली एरवी सुमारे 4 आठवडे थंड खोलीत चालते, पण वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा 40 अंशांच्या पार जातो, तेव्हा तीही फ्रिजमध्येच ठेवावी लागते, आणि तेथेही बर्फाच्या कप्प्यापासून दूर, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. त्यात आईचे दात अधू असले, तर कळण्याची भाकरी गरम असतानाच कुस्करून वरणात भिजवावी लागते. माहेरी आलेल्या लेकीला यातले एवढेच दिसते की आईचे ताट वेळेवर आले.

आता शब्दांची तुलना करू. “वहिनी, तुम्ही आईचं किती करता!” हे वाक्य खरे असते, पण ते कोणत्याही घरातल्या कोणत्याही वहिनीला लागू पडते. “तुम्ही आहात म्हणून मी सासरी निश्चिंत असते” हे त्याहून जवळचे वाटते. तथापि त्यात बोलणारीची निश्चिंती पुढे येते आणि वहिनीचे काम मागे राहते, शिवाय पुढेही असेच चालावे अशी अपेक्षा नकळत डोकावते. “आमच्या आईला तुम्ही लेकीसारखं सांभाळता” हे तर मी टाळावेच असे म्हणेन, कारण वर्षानुवर्षे त्या घरात राबणाऱ्या स्त्रीला त्या ‘आमच्या’मध्ये जागाच उरत नाही. यांच्या शेजारी हे ठेवून पाहावे: “वहिनी, सुई दिल्यावर आईचं ताट कधी दहा मिनिटंही मागं-पुढं होत नाही, हे मी या खेपेला नीट पाहिलं. भाकरी तुम्ही गरम असतानाच कुस्करता, म्हणून तिच्या पोटात दोन घास जातात.” यात स्तुतीचा एकही शब्द नाही, पण कोणीतरी लक्ष देऊन पाहिले आहे हे वहिनीला कळते. असे वाक्य आयते मिळत नाही. त्यासाठी एक दिवस स्वयंपाकघरात तिच्या बरोबरीने उभे राहावे लागते.

साडीबद्दल थोडक्यातच सांगता येईल. सणाला लेकीने वहिनीला साडी देणे हा देण्याघेण्यातला व्यवहार आहे आणि तो सुंदर आहे, परंतु वहिनीही लेकीची पाठवणी करताना साडी-चोळी देते, बिबडे, पापड, कुरडयांचा डबा भरते. त्यामुळे साडी ही परतफेड म्हणून मोजली जाते, आभार म्हणून क्वचितच. साडी अवश्य द्यावी. मात्र तिच्याबरोबर आईच्या सेवेचा विषय काढू नये, नाहीतर सेवेची किंमत ठरवल्यासारखे होते. डब्याविषयी बोलायचे असेल, तर ज्वारी काही दिवस भिजत घालून, दळून, शिजवून, उन्हे चढण्याआधी ओल्या फडक्यावर बिबडे थापण्याचे कष्ट नावानिशी सांगावेत.

खरी निवड सर्वांसमक्ष बोलणे आणि एकांतात बोलणे या दोहोंत आहे, आणि येथे घाई करू नये. सर्वांसमक्ष बोलण्याचा लाभ मोठा आहे: जे काम घरात कोणी मोजत नाही, ते भावाच्या आणि पाहुण्यांच्या कानावर जाते. पण मांडे-आमरसाच्या पंगतीत एकदम वहिनीचे गुण गायले, तर आईला आपण ओझे झालो आहोत असे वाटते, भावाला टोमणा वाटतो आणि घरात दुसरी जाऊ असेल तर तिला आपली तुलना झाल्याचे वाटते. पाहुणे गेल्यावर त्याची झळ वहिनीलाच लागते. एकांतातल्या बोलण्यात हे धोके नाहीत, परंतु ते दोघींतच राहते. म्हणून माझा कौल असा आहे की आभार एकांतात मानावेत, आणि चारचौघांत आभार न मानता फक्त माहिती द्यावी. कोणी “आईची तब्येत बरी दिसते” असे म्हटले, तर “सुईच्या आणि जेवणाच्या वेळा वहिनी सांभाळतात, म्हणून साखर आटोक्यात असते” एवढेच म्हणावे. त्यातून कोणावर ठपका येत नाही आणि श्रेय जागच्या जागी पोहोचते.

फोनवर लिहिलेला मजकूर, वहिनीला वाचायला निवांतपणा असेल आणि फोन तिच्या एकटीच्या हातात असेल, तरच उपयोगाचा. पुष्कळ घरांत तो आधी मुले वाचतात. समोर बोलताना जिचा कंठ दाटतो, तिने मात्र अवश्य लिहावे, आणि घरी अहिराणी बोलत असतील तर अहिराणीतच लिहावे.

आखाजीचीच आणखी एक बाब निर्णयाच्या वेळी विसरली जाते. वहिनीही कोणाची तरी लेक आहे आणि तिलाही याच दिवसांत माहेरी जायचे असते. नणंदा आल्या आणि आईच्या वेळा सांभाळायला दुसरे कोणी नाही, म्हणून तिचे जाणे लांबते किंवा एका दिवसावर येते. अशा घरात कोणतेही गोड वाक्य एकटे पुरत नाही. “वहिनी, परवापासून चार दिवस आईचं मी बघते, तुम्ही गौराईला माहेरी जाऊन या” असे म्हणावे आणि त्याआधी तिच्याजवळ बसून सुईची मात्रा, टोचायची जागा, साखर उतरल्याची लक्षणे व तेव्हा द्यायची साखर किंवा गूळ, हे सर्व कागदावर उतरवून घ्यावे. मात्रेबद्दल शंका राहिली तर डॉक्टरांना विचारून खात्री करावी. हे विचारून घेणे हीच मला आभाराची सर्वांत स्पष्ट भाषा वाटते, कारण त्यात तिचे काम शिकण्याजोगे आहे हे मान्य केलेले असते.

शेताच्या वाटणीची किंवा आईच्या औषधखर्चाची बोलणी चालू असतील, तर त्या आठवड्यात यांपैकी काहीच बोलू नये. तेव्हा मनापासून उच्चारलेला शब्दही सौद्याचा वाटतो. एरवी वहिनी बहुधा “त्यात काय एवढं” म्हणून विषय झटकेल. तिला पटवून देण्यासाठी पुन्हापुन्हा बोलू नये. एकदा नेमके सांगून झाल्यावर संध्याकाळच्या सुईच्या वेळी पीठ मळायला आपण बसावे.