ग्लेशियर गॉगल दोन हंगाम वापरल्यानंतर: काच उत्तम, लक्ष द्यायचं ते कडांकडे

हा गॉगल मी हिवाळ्यात केदारकंठ्याला (३,८१० मीटर) वापरला आणि मे महिन्यात मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर (५,२८९ मीटर). एरवी तो कपाटातच असतो, कारण सह्याद्रीत तो घालून चालणं म्हणजे भरदुपारी ठेचकाळायची सोय. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. जे सांगायचं आहे ते कोणत्याही कंपनीच्या गॉगलला लागू पडेल.

तपशील थोडक्यात असा. गोलसर वळणाची फ्रेम, कॅटेगरी ४ ची तपकिरी पॉलिकार्बोनेट काच, पोलराइज्ड नाही, बाजूला काढता येणारी मऊ रबरी झापडं, नाकाचे पॅड वाकवता येणारे, मागे दोरी. मला चष्मा आहे, म्हणून आत अडकवायची नंबरची छोटी फ्रेमही घेतली.

आधी कॅटेगरीबद्दल, कारण दुकानात सगळं बोलणं तिथेच अडकतं. कॅटेगरी ३ ची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते, कॅटेगरी ४ ची फक्त ३ ते ८ टक्के. म्हणूनच कॅटेगरी ४ घालून गाडी चालवायची नसते. अशा गॉगलसोबत गाडीवर काट मारलेलं चिन्ह येतं. पण हे आकडे डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचे आहेत. हिमांधत्व, म्हणजे बर्फावर डोळे भाजून उघडेनासे होणं, येतं ते अतिनील किरणांनी, आणि काच किती काळी आहे यावरून ती अतिनील किरण किती अडवते हे कळत नाही. अतिनील न अडवणारी काळी काच तर जास्त वाईट, कारण अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत शिरतात.

घरी तपासायची सोपी युक्ती आहे. नोटा तपासायला वापरतात तो अतिनील टॉर्च घ्यायचा आणि अंधाऱ्या खोलीत नोटेच्या क्रमांकावर मारायचा, क्रमांक चमकतो. मग टॉर्च आणि नोट यांच्या मध्ये गॉगलची काच धरायची. चमक गेली तर काच आपलं काम करते आहे. माझ्या गॉगलची गेली. गंमत म्हणजे रस्त्यावरून घेतलेल्या एका स्वस्त गॉगलनेही चमक पूर्ण घालवली. तेव्हा लक्षात आलं की काच ही या सगळ्या प्रकरणातली त्यामानाने सोपी बाजू आहे. बरंचसं पॉलिकार्बोनेट मुळातच हे किरण अडवतं. पैसे मोजायचे ते काचेच्या भोवतीच्या जागेसाठी.

ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. समुद्रकाठची कोरडी वाळू साधारण १५ टक्के फेकते, गवत आणि माती त्याहूनही कमी. शिवाय दर हजार मीटरला हे किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. मैदानात ऊन वरून येतं आणि भुवया, पापण्या, टोपीची झापड ते अडवतात. बर्फावर ते खालून येतं आणि खालच्या बाजूने डोळ्याला निसर्गाने काहीच आडोसा दिलेला नाही. साधा गॉगल गालापासून बोटभर वर राहतो. नेमक्या त्याच फटीतून बर्फाचा उजेड सरळ बुबुळावर जातो. टोपीचा इथे काही उपयोग नाही.

म्हणून फिटिंग तपासायची माझी पद्धत आता ठरली आहे. गॉगल घालून समोर बघायचं आणि घरातल्या कुणाला तरी बाजूने, वरून आणि विशेषतः खाली वाकून गालाच्या बाजूने बघायला सांगायचं. त्या माणसाला डोळ्याचं पांढरं दिसलं, तर बर्फालाही ते दिसणार. माझ्या बाबतीत बाजू पूर्ण बंद होत्या, वरती जेमतेम फट होती, गालाशी मात्र बऱ्यापैकी. नाकाचे पॅड वाकवून फ्रेम खाली घेतल्यावर ती मिटली. मग नंबरची फ्रेम आत बसवली आणि फट परत आली! ती आतली फ्रेम पापण्यांना टेकते, त्यामुळे सगळा गॉगल चेहऱ्यापासून पुढे सरकतो. पॅड पुन्हा वाकवले, आतली फ्रेम शक्य तितकी काचेकडे ढकलली, तेव्हा कुठे जमलं. चष्मेवाल्यांनी ही तपासणी नंबरची फ्रेम बसवूनच करावी. दुकानात तशी कुणी करून देत नाही.

आता फ्रेंडशिपवर आमच्या गटातल्या एकाचं जे झालं ते सांगते. त्याच्याकडचा गॉगल महागाचा होता, कॅटेगरी ४ चाच. शिखराच्या आदल्या दिवशी वरच्या कॅम्पजवळच्या उतारावर सराव होता: बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी दात, लावून चालणं, घसरलो तर आइस ॲक्सने स्वतःला थांबवणं. सकाळी लख्ख ऊन होतं. दहाच्या सुमारास ढग उतरले आणि सगळं पांढरं झालं. त्याने गळ्यातला कापडी बफ नाकावर ओढलेला होता, श्वासाची वाफ वर जाऊन काच धुकटत होती, त्यात उजेड कमी. त्याने गॉगल कपाळावर चढवला आणि सराव संपेपर्यंत, म्हणजे दोनेक वाजेपर्यंत, तो तिथेच राहिला. ऊन नाही, मग काय होतंय, असं त्याचं म्हणणं. पण पातळ ढगांमधून अतिनील किरण बहुतांश तसेच खाली येतात, आणि ढग व बर्फ यांच्यामध्ये ते सगळीकडून येतात.

संध्याकाळी तो व्यवस्थित जेवला, गप्पा मारल्या. रात्री नऊच्या सुमारास डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटायला लागलं. तासाभरात दोन्ही डोळ्यांतून पाण्याची धार, पापण्या सुजलेल्या, डोळे उघडवेनात. मिरची कांडलेले हात डोळ्यांना लावल्यासारखं होतंय, असं म्हणत होता. हेडटॉर्चचा उजेड पापणीआडूनही सहन होत नव्हता.

हा उशीर हेच या दुखण्याचं फसवं रूप आहे. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, पेशींचा अगदी पातळ थर असतो. अतिनील किरणांनी तो भाजतो, पण पेशी लगेच गळत नाहीत. काही तासांनी, साधारण सहा ते बाराच्या दरम्यान, त्या सुटायला लागतात आणि खालचे चेतातंतू उघडे पडतात. कॉर्नियात हे तंतू इतके दाट असतात की वेदना जखमेच्या मानाने खूप मोठी असते. म्हणजे बर्फावर असताना काहीही कळत नाही, आणि कळतं तेव्हा टाळण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आमच्या लीडरने जे केलं ते साधंच होतं. कॉन्टॅक्ट लेन्स आहेत का हे आधी विचारलं. असत्या तर पहिल्यांदा त्या काढायच्या. डोळे चोळायचे नाहीत म्हणून बजावलं. पेनकिलरची गोळी, किटमधले डोळे ओले ठेवणारे थेंब, बंद पापण्यांवर गार ओला रुमाल आणि तंबूत पूर्ण अंधार. तो मात्र सारखा 'दादा, बधिर करणारं काहीतरी घाला' म्हणत होता. लीडरने साफ नकार दिला, आणि ते बरोबर होतं. डोळा बधिर करणारे थेंब डॉक्टर तपासणीपुरते वापरतात. दुखणं थांबवायला पुन्हा पुन्हा घातले तर पेशी भरून यायला उशीर होतो आणि कॉर्नियाला कायमची इजा होऊ शकते.

रात्री एकला आम्ही शिखराकडे निघालो, तो एका मदतनीसाबरोबर कॅम्पवर राहिला. आम्ही दुपारी परतलो तेव्हा डोळे किलकिले करून बघू शकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या पायांनी उतरला, गॉगल लावून, पुढच्याच्या टाचांकडे बघत. बहुतेकांना एक ते तीन दिवसांत पूर्ण बरं वाटतं. एकच डोळा दुखत असेल, दोन दिवसांत उतार पडत नसेल किंवा काहीही न दुखता दिसणं धूसर झालं असेल, तर ते हिमांधत्व समजून थांबू नये. उंचीवर डोळ्याच्या आत रक्तस्राव होऊ शकतो आणि तो दुखत नाही. अशा वेळी खाली उतरून डॉक्टर गाठायचा.

गॉगल काढण्याचा मोह जुनाच आहे. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत एडवर्ड नॉर्टनने खडकाळ भागात गॉगल काढला होता, कारण आजूबाजूला बर्फ थोडा आणि काळा खडक जास्त. तो प्राणवायूशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत जाऊन आला, आणि त्याच रात्री त्याला हिमांधत्व आलं. त्याला धरून खाली उतरवावं लागलं.

तर मग गॉगल काढावासा वाटू नये यासाठी तो कसा हवा? माझ्या मते वाफ हाच कळीचा मुद्दा. माझ्या गॉगलच्या झापडांना बारीक छिद्रं आहेत, त्यामुळे चालताना काच स्वच्छ राहते. थांबलं की धुकटते, आणि नंबरची फ्रेम बसवली तर दुप्पट, कारण आता चार पृष्ठभाग आहेत. बफ नाकाखाली ठेवला की बराच फरक पडतो. आतून पुसणं मी बंद केलंय; गोठलेल्या कणांनी एका कोपऱ्यावर ओरखडे उमटलेत. फडफडवून वाळू देते. रात्रीच्या चढाईत गॉगल जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेत ठेवते, कारण गार काच घामेजल्या चेहऱ्यावर लावली की लगेच वाफ धरते. हेडटॉर्च बंद केला की गॉगल लावायचा, ही सवय उस्तादांनी लावली आणि ती सोयीची आहे. ऊन अंगावर यायची वाट बघितली तर त्या वेळी हात दोरीत गुंतलेले असतात.

दुसरी अडचण ढगाळ दिवसाची. कॅटेगरी ४ तेव्हा खरंच जास्त काळी पडते, उताराचे खळगे दिसत नाहीत. तपकिरी रंगाने थोडा उठाव मिळतो, पण थोडाच. मी आता कॅटेगरी २ चा, तशाच वळणाचा एक फिकट काचेचा गॉगल जोडीला ठेवते. अतिनील किरण तोही पूर्ण अडवतो आणि कुणाचा हरवला तर तोच कामी येतो. उजेडाप्रमाणे रंग बदलणाऱ्या काचेचा पर्यायही आहे, पण थंडीत ती जास्त गडद होते आणि फिकी व्हायला वेळ लावते. पोलराइज्ड न घेतल्याचं समाधान आहे: निळसर कडक बर्फाची चकाकी मला दिसायला हवी असते आणि घड्याळाचा स्क्रीनही.

तक्रारी तीन. रबरी झापडं कडाक्याच्या थंडीत ताठ होतात आणि हातमोजे घालून परत बसवता येत नाहीत. काड्या जाड आहेत, हेल्मेटच्या पट्ट्याखाली कानामागे टोचतात. सोबत आलेली दोरी पहिल्याच हंगामात सैल झाली. तिच्या जागी गाठ सरकवून घट्ट करता येणारी दुसरी लावली आहे. पुढच्या हंगामात हाच गॉगल नेईन, फक्त नंबरच्या फ्रेमऐवजी थेट नंबरची काच बसवून मिळते का ते बघणार आहे. इतक्या वळणाच्या फ्रेममध्ये सगळे नंबर बसत नाहीत, असं चष्म्याच्या दुकानदाराने आत्ताच सांगून ठेवलंय.