बेसमेंटच्या खड्ड्यात वेलपॉइंट: बाळकुमच्या साइटवर दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत

ठाण्यात बाळकुम-कोलशेत पट्ट्यात, खाडीच्या अंगाला, एका बेसमेंटसाठी आम्ही भाड्याचा वेलपॉइंट सेट, म्हणजे खड्ड्याभोवती जमिनीत उतरवलेले पाइप आणि त्यांतून भूजल ओढणारा पंप, दिवाळीनंतर लावला. तो पहिला पाऊस येऊन गेल्यावरच काढला. मत आधीच सांगतो: खाली बारीक रेती असेल तर हा सेट घ्याच. फुटलेला खडक किंवा निव्वळ खाडीचा चिखल असेल तर भाडं वाया जाईल. खडकात पाइप उतरत नाही आणि चिखल पाणी सोडत नाही. तिथे संप, म्हणजे तळाशी पाणी गोळा करायचा लहान खड्डा, आणि साधी मोटर बरी.

आमच्याकडे वर दीड मीटर भरावाचा मुरूम, त्याखाली आठ मीटरपर्यंत गाळमिश्रित बारीक रेती आणि मग घट्ट चिकणमाती होती. पाणी जमिनीपासून १.३ मीटरवर लागलं. खड्डा ३० × २४ मीटर, खोली साडेचार मीटर. ठेकेदाराचं म्हणणं होतं की कोपऱ्यात संप काढू, दोन मोटरी टाकू, झालं. सुरुवात तशीच केली. अडीच मीटरपर्यंत सगळं ठीक होतं. मग उताराच्या पायथ्यातून पाणी झिरपू लागलं आणि तळाशी जागोजागी रेती उकळल्यासारखी वर यायला लागली. मोटरी कमी पडत नव्हत्या, पाणी त्या ओढतच होत्या. पण संपात पाणी पोचण्याआधी ते खड्ड्यातूनच वर येतं, म्हणजे त्याचा जोर आत आणि वरच्या दिशेने असतो, आणि बारीक रेती त्याच्याबरोबर निघते. मोठी मोटर लावली की रेती जास्त वेगाने निघते, एवढाच फरक.

हे ओळखायला उपकरण लागत नाही. मोटरीचं पाणी पारदर्शक बाटलीत भरायचं आणि तासभर तसंच ठेवायचं. पहिल्या दिवशी थोडा गाळ बसला तर चालतं. रोज बसत राहिला तर समजायचं की शेजारच्या जमिनीखालची रेती आपण नाल्यात सोडतोय. आमच्या बाटलीत तळाशी बोटभर थर साचत होता आणि शेजारच्या कंपाउंड भिंतीवर केसाएवढी चीर दिसली. तिथे खोदकाम थांबवलं.

वेलपॉइंट पाणी खड्ड्यात येण्याआधीच बाहेर ओढतो. आम्ही सगळी जागा आधी एक मीटर उतरवली, त्या पातळीवर खड्ड्याभोवती हेडर पाइप फिरवला आणि त्याला उभे पाइप जोडले. प्रत्येकाच्या टोकाला मीटरभर जाळी, जमिनीपासून साडेसहा मीटर खोल. हेडर खाली नेण्याचं कारण साधं आहे: पंप निर्वाताने ओढतो, आणि प्रत्यक्षात साडेपाच-सहा मीटरपलीकडे ओढत नाही, मग तो कितीही हॉर्सपॉवरचा असो. याहून खोल खड्ड्याला दुसरा टप्पा लावा किंवा खोल बोअरमध्ये सबमर्सिबल टाका.

आता पाणी किती, याचा हिशेब. पुरवठादार ताशी दीडशे घनमीटरचा पंप गळ्यात मारत होता, म्हणून आकडे मांडले.

```
Q = π k (H² − h²) / ln(R / r₀)
```

पाणी तळाच्या अर्धा मीटर खाली, म्हणजे जमिनीपासून पाच मीटरवर न्यायचं होतं. चिकणमातीच्या थरापासून मोजलं तर पाण्याची आधीची उंची H ६.७ मीटर आणि नंतरची h ३ मीटर. पाइपांची ओळ ३३ × २७ मीटर, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाची त्रिज्या r₀ सुमारे १७ मीटर. परिणाम जिथवर पोचतो ते अंतर R अंदाजे ९५ मीटर, आणि खाडी त्याच्या पलीकडे. रेतीतून पाणी सरकण्याचा वेग k ०.००००५ मीटर प्रति सेकंद धरला. उत्तर येतं ताशी सुमारे १२ घनमीटर. इतकंच! पण हीच रेती स्वच्छ आणि जाड, दसपट पाणी सोडणारी असती, तर R वाढेल हे धरूनही उत्तर ७० च्या पुढे गेलं असतं. म्हणून k साठी बोअरहोलमध्ये चाचणी करून घ्या, पुस्तकातल्या तक्त्यावर विसंबू नका.

पंप आम्ही ताशी ५० घनमीटरचा घेतला, तसाच एक राखीव. बारा घनमीटर हा स्थिर झाल्यानंतरचा आकडा आहे. सुरुवातीला ओळीच्या आतच साठलेलं पाणी, रेतीच्या घनफळाचा दहावा भाग धरला तरी, सव्वातीनशे घनमीटर निघतं, आणि बाहेरून येतं ते वेगळंच.

पाइपांतलं अंतर मात्र पाण्याच्या प्रमाणावर ठरत नाही. १२० मीटरच्या ओळीत दीड मीटरवर ८० पाइप बसतात, म्हणजे एका पाइपच्या वाट्याला मिनिटाला जेमतेम अडीच लिटर. त्या हिशेबाने तीन मीटरवरही भागलं असतं. पण बारीक रेतीत दोन पाइपांच्या मधोमध पाणी फुगलेलं राहतं, आणि गाळाचे पातळ थर पाणी आडवं धरून उताराबाहेर सोडतात. म्हणून दीड मीटरच ठेवलं, आणि प्रत्येक पाइपभोवती जाड रेतीचा गळा भरला. हा गळा थर तोडून पाणी खाली जाळीपर्यंत आणतो. मुकादम तो टाळायला बघतो, त्याच्या डोक्याशी उभं राहा.

रोजचं काम हवेचं. प्रत्येक पाइप हेडरला पारदर्शक नळीने जोडलेला असतो. नळीत पाणी सलग दिसलं तर ठीक. बुडबुडे आणि गुरगुर सुरू झाली की त्या जाळीची वरची बाजू उघडी पडली आहे, तिचा कॉक गुरगुर थांबेपर्यंत थोडा आवळायचा. असे चार-पाच पाइप दुर्लक्षिले की गेजवरचा निर्वात पडतो आणि सगळी ओळ मंदावते. आमचा ऑपरेटर दर पाळीला कॉक बघत फिरायचा. भाड्याने आलेल्या नळ्या मात्र भंगार होत्या, अर्ध्या आम्हीच बदलल्या. शिवाय पाणी मचूळ असल्याने लोखंडी क्लॅम्प महिन्याभरात गंजले.

संप काढून टाकू नका. ७२० चौरस मीटरच्या उघड्या खड्ड्यात तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला की ३६ घनमीटर पाणी जमा होतं, भूजलाच्या तिप्पट. वेलपॉइंट ते ओढत नाही. दोन कोपऱ्यांत ५ हॉर्सपॉवरच्या मोटरी ठेवल्या होत्या आणि वरच्या कडेला बांध घातला होता. रेती आता कोरडी असल्याने संपातून पाणी गाळाशिवाय निघालं. जनरेटरही हवाच: वीज गेली की पाणी लगेच चढू लागतं.

सेट कधी बंद करायचा, यावर ठेकेदाराशी पुन्हा वाजलं. राफ्ट, म्हणजे तळाचा पायाचा स्लॅब, झाला की परत पाठवू, असं तो म्हणत होता. पण पाणी १.३ मीटरवर परतलं तर राफ्टखाली ३.२ मीटरचा दाब, म्हणजे चौरस मीटरला ३.२ टन. ६० सेंटिमीटर राफ्टचं वजन दीड टन. पावसाळ्यात पाणी जमिनीला टेकलं तर दाब साडेचार टन. भिंती आणि वरचे स्लॅब मिळून वजन त्यापुढे जाईपर्यंत पंप चालू ठेवला. मग एकेक बाजू बंद करत, निरीक्षणाच्या पाइपात टेपने पातळी मोजत, शेवटी हेडर उचलला.