पात्र ओळखायचंय: कार्ड बघावं की खेळणं?

नवी पेठेतून भाच्यानं एक पिवळं रबरी खेळणं आणलं. "मामा, हा पिकाचूच ना?" पोकेमॉन मालिकेत पिकाचूसारखी दिसणारी पात्रं बरीच, म्हणून लगेच हो म्हटलं नाही.

पोकेमॉन कार्डाची मोठी सोय म्हणजे नाव छापलेलं असतं. फसगत होते ती आकड्यांत. पिकाचूच्या एका जुन्या इंग्रजी कार्डावर कोपऱ्यात 58/102 असतं. तो 102 कार्डांच्या संचातला क्रम. पोकेमॉनच्या यादीत पिकाचूचा स्वतःचा क्रमांक 25, तो वर्णनाच्या ओळीत बारीक अक्षरात सापडतो. भाचा वर्षभर 58 हाच पिकाचूचा नंबर समजून वहीत लिहीत होता! शिवाय कार्डावरचं चित्र एकाच बाजूचं, शेपटी बऱ्याचदा अंगाआड.

खेळण्यावर नाव नसतं, पण ते फिरवून पाहता येतं. रंगावर मात्र विसंबू नये. सोलापूरच्या उन्हात रंग विटतो, आणि नकली माल तर मुळातच चुकीचा रंगवलेला असतो. आकार पाहावा. पिकाचूची शेपटी विजेसारखी नागमोडी; त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दोन पात्रांपैकी प्लसलची अधिकच्या चिन्हाची, मायननची वजाबाकीच्या आडव्या रेघेसारखी.

आमच्या खेळण्याचे कान फिकट, प्लसलसारखे लाल की मायननसारखे निळे कळेना. उलटं केलं तर शेपटीला अधिकचं चिन्ह. म्हणजे प्लसल. मग त्याचं कार्ड शोधलं, गालावरही तेच चिन्ह निघालं.

पोकेमॉनचं कॉमिक पाहावं, तर आतली पानं बहुतेक कृष्णधवल असल्यानं तेही रंगासाठी निरुपयोगी. मी आधी खेळणं उलटं करतो, कार्ड नंतर.