टेस्ट सिरीजच्या तोंडावर आठवड्याची सुट्टी: साधा अर्ज द्यावा की नियोजनासह?

नीटच्या रिपीटर बॅचमधल्या एका मुलीचे उदाहरण घेऊ. आईचे ऑपरेशन मंगळवारी ६ जानेवारीला ठरले आहे आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरात दुसरे मोठे माणूस नाही. म्हणून तिला सोमवार ५ ते रविवार ११ जानेवारी अशी सात दिवसांची सुट्टी हवी आहे. टेस्ट सिरीजचा पहिला पेपर मंगळवारी १३ तारखेला आहे. क्लासच्या संचालकांना अर्ज द्यायचा, तो दोन प्रकारे लिहिता येतो.

पहिला, साधा अर्ज:

> मा. संचालक यांस,
> विषय: दि. ५ ते ११ जानेवारी सुट्टी मिळण्याबाबत.
> महोदय, मी रिपीटर बॅचची विद्यार्थिनी, रोल नंबर ____. आईच्या ऑपरेशनमुळे मला सोमवार दि. ५ ते रविवार दि. ११ जानेवारी क्लासला येता येणार नाही. सोमवारी १२ तारखेला मी हजर राहीन. कृपया सुट्टी मंजूर करावी.
> आपली विद्यार्थिनी ____, पालकांची सही ____

दुसरा, नियोजनासह अर्ज:

> मा. संचालक यांस,
> विषय: दि. ५ ते ११ जानेवारी सुट्टी व १३ जानेवारीच्या टेस्टबाबत.
> महोदय, मी रिपीटर बॅचची विद्यार्थिनी, रोल नंबर ____. ६ तारखेला आईचे ऑपरेशन असल्याने मी सोमवार दि. ५ ते रविवार दि. ११ जानेवारी गैरहजर राहीन. १२ तारखेला वर्गात येईन आणि १३ तारखेची टेस्ट सर्वांबरोबर देईन.
> या आठवड्यात जीवशास्त्राचे 'मानवी प्रजनन' आणि भौतिकशास्त्राचे 'किरण प्रकाशशास्त्र' ही प्रकरणे शिकवली जाणार आहेत. दोन्ही पहिल्या टेस्टच्या पोर्शनमध्ये आहेत. त्यांच्या नोट्स आणि डीपीपी मला शनिवारी ३ तारखेला मिळाव्यात आणि १२ तारखेला दोन्ही विषयांसाठी डाउट काउंटरवर अर्धा-अर्धा तास मिळावा, ही विनंती.
> परत येणे लांबले तर रविवारी ११ तारखेला दुपारपर्यंत पालक ऑफिसला कळवतील. तसे झाल्यास पहिल्या टेस्टला शून्य न धरता 'अनुपस्थित' अशी नोंद व्हावी.
> आपली विद्यार्थिनी ____, पालकांची सही ____ व मोबाइल ____

खाजगी क्लासमध्ये गैरहजेरीचे नुकसान हजेरीपटापेक्षा पोर्शनमध्ये जास्त होते. भरलेल्या फीमधून हे सात दिवस सहसा वजा होत नाहीत. बॅच पुढे निघून जाते. साध्या अर्जावर संचालक 'ठीक आहे' म्हणून सही करतात आणि तिथे तो अर्ज संपतो. त्या आठवड्यात फक्त उजळणी चालणार असेल, किंवा क्लासचा छापील फॉर्म असून त्यात तीनच ओळींची जागा असेल, तर तेवढे पुरते. आजी अचानक आजारी पडली आणि रात्रीची गाडी पकडायची आहे, अशा वेळीही साधाच अर्ज योग्य. पुढचे बोलणे पालक फोनवर करतील.

इथे मात्र दोन नवी प्रकरणे बुडत आहेत आणि त्यांवर टेस्ट आहे. शिवाय ऑपरेशनची तारीख आधीच माहीत आहे. त्यामुळे दुसरा अर्ज द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो किमान आठवडाभर आधी पोहोचायला हवा, कारण नोट्स काढून ठेवायला शिक्षकांना वेळ लागतो. काही शिक्षक प्रकरण शिकवून झाल्याशिवाय डीपीपी देत नाहीत. तसे असेल तर निदान नोट्स तरी आधी मागून घ्याव्यात.

लांब अर्ज बहुतेक वेळा मागण्यांमुळे फसतो. 'टेस्ट पुढे ढकलावी' ही मागणी घालून उपयोग नसतो. एकच पेपर सगळ्या बॅचना, कधीकधी सगळ्या शाखांना, एकाच वेळी द्यायचा असतो आणि त्यावर रँक लागते. एका विद्यार्थिनीसाठी तो हलवला तर पेपर फुटण्याची भीती असते. 'सरांनी वेगळे शिकवावे' हेही संचालकांच्या हातात फारसे नसते, कारण शिक्षकांचे तास आधीच बांधलेले असतात. नोट्स, रेकॉर्डेड लेक्चर, डाउट काउंटरची वेळ आणि टेस्टची नोंद या गोष्टी ते ऑफिसला एका फोनवर सांगू शकतात. त्यातल्याही दोन-तीनच मागाव्यात. सहा मागण्या घातल्या तर अर्ज 'बघू' म्हणून बाजूला पडतो.

'अनुपस्थित' आणि शून्य यांतला फरक छोटा वाटतो, पण तो नीट समजून घ्यायला हवा. नीटच्या पद्धतीचा पेपर ७२० गुणांचा असतो: १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला उणे १. आठ टेस्टच्या सिरीजमध्ये या मुलीने सात पेपरांत प्रत्येकी ४८० गुण मिळवले आणि बुडालेल्या पेपरला शून्य धरले, तर सरासरी ४८० वरून थेट ४२० वर येते. ज्या क्लासमध्ये सिरीजच्या सरासरीवर बॅच बदलते किंवा फीची सवलत टिकते, तिथे हा ६० गुणांचा खड्डा भरून निघत नाही. म्हणून हे वाक्य अर्जातच असावे. निकाल लागल्यावर मागितले तर ऑफिस सहसा ऐकत नाही. हाच पेपर नंतर घरी वेळ लावून सोडवता येतो, पण त्या गुणांवर रँक मागू नये.

तारखांची चूक दोन्ही अर्जांत होते. '५ तारखेपासून एक आठवडा' असे लिहिले की कोणी १२ तारीखही सुट्टीत धरतो, कोणी धरत नाही. दोन्ही टोकांच्या तारखा वारासह लिहाव्यात आणि परत येण्याची तारीख वेगळी द्यावी. कारण एका वाक्यात सांगावे. आजाराचे नाव, रिपोर्ट, खर्च यांची गरज नाही. पुरावा मागितलाच तर दाखल होण्याची तारीख असलेला हॉस्पिटलचा कागद पुरतो. 'माझे खूप नुकसान होईल, मी फार टेन्शनमध्ये आहे' असे लिहिले तर मूळ मागणी झाकली जाते.

पालकांची सही दोन्हींत हवीच. विद्यार्थिनी अठराच्या आतली असेल तर संचालक घरी फोन करून खात्री करतातच, म्हणून पालकांना आधी सांगून ठेवावे.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. संचालकांची सही झाली तरी काम अर्धेच होते. बायोमेट्रिक हजेरी असलेल्या क्लासमध्ये सुट्टीची नोंद फ्रंट ऑफिसने केली नाही, तर पालकांच्या मोबाइलवर रोज 'गैरहजर' असा मेसेज येत राहतो. पहिल्याच दिवशी तो आला तर अर्ज फाइलमध्ये पडून आहे असे समजावे आणि पोच दाखवून नोंद करून घ्यावी. परीक्षा विभाग वेगळा असेल तर अर्जाचा फोटो तिथल्या जबाबदार व्यक्तीलाही पाठवावा, कारण ओएमआरची बैठक यादी तेच लावतात. होस्टेलवर राहणाऱ्या मुलीला रेक्टरांची परवानगी वेगळी घ्यावी लागते. क्लासचा अर्ज तिथे चालत नाही.

आणि ११ तारखेला दुपारी परतणे खरेच लांबले, तर नवा लांब अर्ज लिहू नये. पालकांनी ऑफिसच्या नंबरवर जुन्या अर्जाच्या पोचीचा फोटो पाठवावा आणि खाली एवढेच लिहावे: 'रोल नंबर ____, आता बुधवारी १४ तारखेला येईल, १३ ची टेस्ट देणार नाही.'