खाच जुळली, पण ड्राइव्ह दिसेना: जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकून आठ महिने

माझा लॅपटॉप २०१६ चा. हार्ड डिस्कवर विंडोज सुरू व्हायला अडीच मिनिटं लागायची. आत एम.२ चा रिकामा स्लॉट आहे म्हटल्यावर बेळगावात खडेबाजारातून २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी घेऊन खानापूरला आलो. बरोबर बसली, स्क्रूही लागला. पण बायोसमध्ये तिचं नाव नाही!

परत नेली, तर दुकानदार म्हणाला, "विंडोज नव्यानं टाका." बायोसलाच ड्राइव्ह दिसत नसेल तर विंडोज टाकायचं कुठं? भाच्याच्या नव्या लॅपटॉपात हीच ड्राइव्ह पहिल्या फटक्यात चालली. शेवटी माझ्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडलं, तेव्हा कळलं की हा स्लॉट फक्त साटाचा आहे.

मला राग आहे तो या खाचेचा. एम.२ हा नुसता आकार आहे. आतून डेटा साटाच्या वाटेनं जातो की एनव्हीएमई वापरते त्या पीसीआय एक्सप्रेसच्या, हे आकारावरून कळत नाही. साटाच्या एम.२ पट्टीला बहुतेक दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. दोन खाचांची पट्टी दोन्ही प्रकारच्या स्लॉटांत बसते. एका खाचेची पट्टी ज्यात बसते तो स्लॉट एनव्हीएमईचा असेलच असं नाही. माझ्यात बसली आणि मेल्यासारखी पडून राहिली. म्हणून "बसते म्हणजे चालते" यावर विसंबू नका, मॅन्युअलमध्ये स्लॉटपुढं PCIe किंवा NVMe लिहिलंय का ते बघा. नुसतं SATA असेल तर एनव्हीएमईचे पैसे वाचवा.

मग हार्ड डिस्क काढून तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी घातली. ड्राइव्हची माहिती दाखवणाऱ्या CrystalDiskInfo मध्ये Transfer Mode पुढं SATA/600 दिसतं, म्हणजे पूर्ण वेग मिळतोय. त्याहून जुन्या लॅपटॉपात SATA/300 दिसलं तर वेग निम्म्यावर येईल, तरी हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी बरं.

पहिला महिना जीव हळहळायचा. माझी ५३० एमबी प्रति सेकंद, भाच्याची ३,००० च्या वर. आता मत बदललंय. विंडोज २० सेकंदांत येतं, टॅली आणि ब्राउझर उघडताना दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवले तरी फरक जाणवत नाही. हार्ड डिस्कची सुई तुकडा शोधायला फिरते, त्यात वेळ जायचा. ते फिरणं दोन्ही एसएसडींत नाही. फरक दिसला तो एकदाच, भाचा लग्नाचा ४० जीबी व्हिडिओ त्याच्याच ड्राइव्हवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करत होता तेव्हा.

पडून राहिलेल्या एनव्हीएमईला यूएसबीची डबी घेतली. तिथंही तेच: साटाची डबी चालत नाही, एनव्हीएमईचीच लागते. हे या वेळी मी आधी विचारलं. आता तिच्यावर दर रविवारी दुकानाच्या हिशोबाचा बॅकअप घेतो.